आमची वाटचाल : एकच माणूस वीस वेळा

आमचं जोड्या जुळवणारं ॲप. सुरुवातीला मी आणि माझा पार्टनर मेंबरांचे बायो स्वतः वाचून जोड्या सुचवायचो. मग मेंबर वाढले, आणि त्याने all-MiniLM-L6-v2 हे मजकुराचे आकडे करणारं मॉडेल बसवलं. प्रत्येक बायोचे 384 आकडे, तुम्ही लाइक केलेल्या बायोंची सरासरी, आणि त्या सरासरीला कोसाइनने, म्हणजे आकड्यांच्या दिशा किती जुळतात त्यावरून, सगळ्यात जवळचे वीस जण तुमच्या स्क्रीनवर. लाइक वाढले, पुढची वर्षं बरी गेली.

मग ताईंचा फोन आला. ताई आमच्या अगदी पहिल्या मेंबरांपैकी, वाईट दिवसांतही सोडून न गेलेल्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही मला एकच माणूस वीस वेळा दाखवताय."

मी त्या रात्री त्यांचे लॉग काढून बसलो. पहिल्या आठवड्यात तीन लाइक, त्यातल्या दोन बायोंमध्ये ट्रेकिंग. सरासरी तिकडे कलली, पुढच्या यादीत चौदा ट्रेकर, त्यातलेच दोनतीन लाइक केले कारण समोर दुसरं होतंच कोण, सरासरी अजून कलली, आणि पाचव्या आठवड्यात वीसच्या वीस. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, ट्रेकिंगचं मला काही नाही हो, त्या दोघांचं लिहिणं मोकळं वाटलं म्हणून लाइक केलं. लाइक का केलं हे त्या 384 आकड्यांना कळत नाही, त्यांना विषय दिसतो.

दुसरी बाजू त्याहून वाईट होती. ज्यांचे बायो दोन ओळींचे किंवा जरा वेगळे, असे निम्मे मेंबर महिनाभर कोणालाच दिसले नव्हते आणि ते गुपचूप सोडून चालले होते. पार्टनरला दाखवलं तर तो म्हणाला, लाइक रेट वर आहे ना, मग हात कशाला लावायचा. तो आमचा कोड घेऊन मोठ्या कंपनीत गेला, तिथे त्याचा गाजावाजा झाला, आणि मी इकडे भाडं कसं भरायचं याच्या विवंचनेत. ते अजून विसरलो नाही.

आधी मी MMR लावून पाहिलं, म्हणजे नवा माणूस यादीत आधी आलेल्यांसारखाच असेल तर त्याचे मार्क कापायचे. फारसा फरक पडला नाही, कारण निवड जवळच्या दोनशेतूनच व्हायची आणि ते दोनशेही ट्रेकरच. मग वीसातल्या चार जागा सगळ्या मेंबरांतून रँडम भरल्या, वय आणि शहराची अट तेवढी ठेवली. लाइक रेट पडला, पण दोन्हीकडून उत्तर आलेली संभाषणं वाढली. हे काम करणाऱ्यांनी नुसते लाइक मोजू नका, कोण किती वेळा दाखवला गेला तेही लिहून ठेवा, आणि प्रत्येकाच्या यादीतले वीस बायो एकमेकांना किती जवळ आहेत त्याची सरासरी दर आठवड्याला बघा. ती चढत गेली की समजा यादी आवळत चाललीय.

ताई आता ज्यांच्याशी बोलतात त्यांचा बायो दोनच ओळींचा, जुने रेडिओ दुरुस्त करतो एवढंच. कोसाइनच्या यादीत ते 2,300 व्या नंबरच्याही मागे होते.