एका मीटिंगचे तीन कागद

तुर्भ्याच्या आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये दोन नंबर चेंबरचा कॉम्प्रेसर दुरुस्त करायचा की बदलायचा, यावर सत्तर मिनिटं मीटिंग झाली. रेकॉर्डिंगवरून सॉफ्टवेअरने काढलेला मजकूर भरला साडेनऊ हजार शब्दांचा. मॅडमना, म्हणजे आमच्या मालकीणबाईंना, त्यातलं 'थोडक्यात' हवं होतं. प्लांट मॅनेजरना 'आमच्या कामाचं तेवढं' हवं होतं. आणि अकाउंट्सचे काका म्हणाले, "उद्या विमा कंपनीने विचारलं तर? सगळं ठेव."

अशा वेळी बरेच जण टक्केवारी धरतात: मूळ मजकुराचा दहावा भाग म्हणजे सारांश. मला तो हिशोब कधीच पटला नाही. मॅडमना फक्त हो किंवा नाही म्हणायचं होतं, प्लांटला सोमवारपासून कामाला लागायचं होतं, आणि काकांना दोन वर्षांनी एखादं वाक्य शोधायचं होतं. वाचणारा कागद हातात घेऊन काय करणार, यावरूनच लांबी ठरवली. करताना मात्र उलट्या क्रमाने गेले. आधी सगळ्यात मोठा कागद केला, कारण धाकटे दोन्ही त्यातूनच निघायचे होते.

संग्रहाच्या प्रतीत 'अं', 'म्हणजे काय की' आणि अर्धवट सोडलेली वाक्यं काढली, बाकी शब्दाला शब्द ठेवला. फक्त एका जागी अडखळणंही राहू दिलं. तीन नंबरमध्ये माल बसेल का, या प्रश्नावर प्लांट मॅनेजर म्हणाले होते, "बसेल तसं… पण मासळीवाल्यांचा माल आला तर नाही." ते 'तसं' आणि त्यापुढचा थांबा काढला असता, तर बेधडक होकार वाटला असता.

खरा वेळ आकड्यांनी खाल्ला. साडेसहा, अडीच, पावणेदोन म्हटलं की यंत्र गडबडतं. ओव्हरहॉलचे साडेसहा लाख एका ठिकाणी नुसते सहा झाले होते. त्याहून वाईट ही जागा:

```
00:41:12.000 --> 00:41:19.000
<v Speaker 3>अठराला धरलं तरच माल टिकेल
```

ऑडिओ ऐकला तर 'उणे अठरा' स्पष्ट होतं. गोठवलेला माल उणे १८ किंवा त्याखाली ठेवायचा असतो. अधिक १८ ला तो पाणी पाणी होईल. म्हणून मजकुरातला प्रत्येक आकडा ऑडिओशी ताडून पाहिला. बाकीचं नुसतं वाचून काढलं तरी चालतं. मग 'Speaker 3' च्या जागी नाव आणि हुद्दा घातला. वेळखुणा तशाच राहू दिल्या, पुढे त्याच उपयोगी पडल्या.

ही प्रत दोन रूपांत ठेवली. एक PDF/A, ज्यात फॉन्ट फाइलच्या आतच असतो, त्यामुळे उद्या कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तशीच दिसतात. पण दिसणं वेगळं आणि सापडणं वेगळं. देवनागरी पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडची तिकडे झाली असतील, तर त्या फाइलमध्ये शोधूनही शब्द सापडणार नाही. आमच्या फाइलमध्ये नेमकं तेच झालं. म्हणून शेजारी साधी UTF-8 टेक्स्ट फाइल ठेवली. दोन्हींचं नाव एकच आणि सुरुवातीला तारीख, वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप क्रम लागतो.

टीमची प्रत म्हणजे एक शेअर्ड शीट. रकाने पाच: काम, कोण, कधीपर्यंत, कशावर अडलंय, वेळखूण. 'कोण' मध्ये 'मेंटेनन्स टीम' लिहायचं नाही, एकाच माणसाचं नाव लिहायचं, हा नियम मी हट्टाने पाळला. "तीन नंबरमधला जुना माल हलवून घेऊ," असं मीटिंगमध्ये तिघे म्हणाले होते आणि घेतो असं कोणीच म्हणालं नव्हतं. त्या रकान्यात माझ्या मनाने नाव टाकणं सोपं होतं. मी तो पिवळा करून 'ठरायचं आहे' लिहिलं आणि प्लांट मॅनेजरना फोन केला. ते म्हणाले, "फोरमन दादांचं टाका, मी बोलतो त्यांच्याशी."

तारखा हलतात, म्हणून या प्रतीला पीडीएफ नको, शीटच हवी. पण खाली मशीन रूममध्ये शीट कोण उघडतं? तिथल्या चार ओळी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या आणि पॅनेलशेजारी प्रिंट लावली. चर्चेतली कारणं, वाद, खर्च यातलं काहीच टीमच्या प्रतीत नाही. ज्याला हवं त्याने वेळखूण धरून मोठी प्रत उघडावी.

मॅडमचा कागद सगळ्यात छोटा आणि सगळ्यात जास्त वेळा खोडलेला. त्या मेल फोनवर, ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये वाचतात. अटॅचमेंट उघडत नाहीत, म्हणून मजकूर मेलमध्येच, स्क्रोल न करता मावेल एवढा:

"मंजुरी हवी: दोन नंबरचा कॉम्प्रेसर बदलणे, १८ लाख. ओव्हरहॉल साडेसहा लाखांत होतो, पण ठेकेदार सहा महिन्यांवर वॉरंटी देत नाही. अट: मशीन मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोचलं तरच. एप्रिलपासून आंब्याचा पल्प येतो, तेव्हा चेंबर बंद ठेवता येणार नाही. प्लांट मॅनेजरांचं मत वेगळं: आत्ता ओव्हरहॉल, हंगामानंतर बदल. उत्तर शुक्रवारपर्यंत, नाहीतर ऑर्डर वेळेत जात नाही."

मजकूर आटवायला घेतला की आधी अटी गळतात, मग विरोधी मत. 'बदलायचं ठरलं' हे दोन शब्द वाचायला छान, पण मीटिंगमध्ये ठरलं होतं ते 'मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं तर'. आमच्या जुन्या नमुन्यात शेवटी 'सर्वानुमते' अशी छापील ओळ असते, ती काढून टाकली, कारण एकमत नव्हतंच. पाठवण्याआधी मेलमधलं एकेक वाक्य घेऊन मोठ्या प्रतीत त्याची वेळखूण शोधली. 'ऑर्डर वेळेत जात नाही' याला सापडली. 'पुरवठादार खात्रीचा आहे' असं एक वाक्य कच्च्या मसुद्यात होतं, त्याला कुठेच सापडली नाही. तीन जणांच्या बोलण्याचा तो माझ्या डोक्यात झालेला काला होता. ते उडवलं.

मॅडमचा होकार त्याच संध्याकाळी आला. पुढच्या आठवड्यात पुरवठादाराने कळवलं की मशीन दहा दिवस उशिरा पोचेल. शीटमध्ये तारखा बदलल्या आणि त्यावर अडलेल्या ओळी लाल केल्या. मॅडमना जुन्या मेलला रिप्लाय न करता नवी दोन ओळींची मेल गेली, कारण त्यांनी मान्य केलेली अटच आता पाळली जात नव्हती आणि निर्णय पुन्हा त्यांच्याकडे जायला हवा होता. संग्रहातल्या फाइलला हात लावला नाही. पुरवठादाराचं पत्र त्याच नावापुढे 'पुरवणी १' लावून वेगळं ठेवलं. मीटिंगच्या दिवशी जे बोललं गेलं ते तसंच आहे.