ताजं अंडं सोलायचं म्हणजे

आमच्याकडे खान्देशात पाहुणा आला आणि तो अंडी खाणारा निघाला की गावरान अंडी आणायची धावपळ सुरू होते, शेजारच्या आळीत कुणाकडे तरी कोंबड्या असतातच, आणि ती बाई पण मोठ्या कौतुकाने सांगते की आज सकाळचंच आहे बरं का, एकदम ताजं. मग ती अंडी उकडली जातात, काळ्या मसाल्याचा रस्सा तयार होतो, तेलाचा तवंग वर येतो, आणि सोलायला बसलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. टरफलाचा नखाएवढा तुकडा निघतो आणि त्याला चिकटून पांढऱ्याचा बोटभर लचका. शेवटी हातात जे उरतं ते उंदराने कुरतडल्यासारखं. दुकानातल्या ट्रेमधली चार-आठ दिवसांची अंडी मात्र त्याच पातेल्यात उकडली तरी अख्खी गुळगुळीत बाहेर येतात. दोष सोलणाऱ्याचा नसतो हो, दोष त्या कौतुकाचाच असतो, 'आजचंच आहे' याचा.

गंमत अशी आहे की कोंबडीने अंडं घातलं त्या क्षणी त्याच्या पांढऱ्यात बराच कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. म्हणून तर ताजं अंडं फोडून वाटीत घातलं की पांढरा भाग एकदम काचेसारखा स्वच्छ दिसत नाही, थोडा दुधाळ, धुरकट दिसतो, काहींना वाटतं अंडं खराब आहे पण ते उलट ताजेपणाचं लक्षण. टरफल वरून कितीही टणक दिसलं तरी त्याला डोळ्यांना न दिसणारी हजारो भोकं असतात आणि त्यातून हा वायू हळूहळू निघून जातो. तो गेला की पांढऱ्याची आम्लता कमी होत जाते, म्हणजे घातल्या घातल्या पीएच साधारण ७.६ ते ८ च्या आसपास असतो तो काही दिवसांत ९ च्या वर चढतो.

आता याचा सोलण्याशी काय संबंध? टरफलाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात, सोलताना जो पांढरा कागदासारखा निघतो ना तोच. पीएच कमी असताना उकडलेलं पांढरं त्या आतल्या पापुद्र्याला इतकं घट्ट धरून बसतं की ओढलं तर पापुद्रा सुटत नाही, पांढराच मधून फाटतो. पीएच ९ च्या जवळ गेला की ही पकड ढिली पडते आणि मग पापुद्रा आणि टरफल मिळून मोठमोठ्या तुकड्यांत निघतात. दुसरं म्हणजे, दिवस जातात तसं त्याच भोकांतून पाणी पण उडतं, आतला माल थोडा आकसतो आणि जाड टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. उकडलेल्या जुन्या अंड्याच्या जाड टोकाला सपाट खळगा दिसतो तो हाच, तिथे बोट घालायला जागा मिळते. ताज्याला ही जागा नसल्यासारखीच, सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न.

आमची मामी हे काही वाचून शिकलेली नाही पण तिचा नियम ठरलेला, कुणी ताजी अंडी आणून दिली की म्हणते, "ताजं शे ना ते, राहू दे चार दिन." थंडीत टोपलीत बाहेर ठेवली तर तेवढे दिवस पुरतात, फ्रिजमध्ये ठेवली तर वायू निघायला वेळ लागतो म्हणून आठ-दहा दिवस धरावे लागतात. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४ च्या पुढे जातो तेव्हा हा नियम तसाच लावू नका. कोंबड्यांबरोबर कोंबडा असेल तर गावरान अंडं फळलेलं असू शकतं आणि अशा उष्णतेत त्यात पिल्लाची वाढ सुरू होते, फोडल्यावर लाल रेषा दिसतात त्या याच. उन्हाळ्यात सरळ फ्रिज, वेळ लागला तर लागू दे.

पण पाहुणा थोडाच आठ दिवस थांबणार आहे? तेव्हा उकडायची पद्धत बदलायची. आपल्याकडे सवय अशी की पातेल्यात अंडी, त्यावर गार पाणी, मग गॅस. त्यात पांढरं हळूहळू तापतं आणि त्याला पापुद्र्याला चिकटायला भरपूर वेळ मिळतो. त्याऐवजी आधी पाणी खळखळ उकळू द्या, मग झाऱ्यावर घेऊन अंडी अलगद सोडा, एकदम उष्णता बसली की बाहेरचा थर पटकन घट्ट होतो आणि पकड कच्ची राहते. समजा सहा गावरान अंडी आहेत, लहान आहेत, तर सोडल्यावर गॅस मध्यम करून नऊ-दहा मिनिटं, पोल्ट्रीची मोठी असतील तर अकरा-बारा. फ्रिजमधून काढलेली असतील तर थोडा वेळ बाहेर राहू द्या नाहीतर उकळत्या पाण्यात टरकन तडा जातो. त्याहून सोपं म्हणजे वाफ, इडलीच्या भांड्यात खाली पाणी उकळलं की वरच्या ताटलीत अंडी ठेवून झाकण, तेवढाच वेळ, आणि आपटाआपटी नाही.

मग लगेच गार पाण्यात, म्हणजे नळाच्या पाण्यात नाही, उन्हाळ्यात टाकीचं पाणी अंघोळीचं असतं तसं येतं आमच्याकडे. बर्फ घातलेलं पाणी, दहा मिनिटं. आतला भाग आकसतो आणि टरफलापासून थोडा सुटतो. मग सगळीकडून हलकेच टिचकवून जाड टोकापासून सोला, आणि पापुद्र्याखाली बोट गेलं पाहिजे, नुसतं टरफल खरवडत बसलात तर काही खरं नाही. पाण्यातच सोललं तर पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि आपलं अर्धं काम करतं.

सोडा, मीठ, व्हिनेगर हे सगळे सांगितले जातात. मीठ-व्हिनेगरचा उपयोग एवढाच की तडा गेला तर बाहेर आलेलं पांढरं पटकन गोठतं. सोड्यामागचा विचार बरोबर आहे, पीएच वाढवायचाय, पण दहा मिनिटांत टरफलातून आत किती जाणार, मला तरी त्याचा भरवसा वाटत नाही.

आणि एवढं करूनही अगदी सकाळचं अंडं कधीकधी हट्ट करतंच, गरम पाण्याने शक्यता वाढते, खात्री नाही. तेव्हा ट्रेमधली जुनी अंडी रश्श्यासाठी आणि ताजी हाफ फ्रायसाठी असं मी तरी करतो, कारण ताज्याचं पांढरं तव्यावर पसरत नाही आणि बलक टच्च उभा राहतो, त्याची ऐट तिथेच दिसते. जुन्यांना एकदा पाण्यात सोडून बघायचं, तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर सोलायला बेस्ट, आणि वर तरंगलं तर फेकून द्या.