चार नंबरची नळी: २२ एमएमच्या सरळ तुकड्याने घेतलेले नऊ दिवस

एका छोट्या हायड्रॉलिक प्रेसच्या पॉवरपॅकचं पायपिंग मॉडेलमध्ये करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. एकूण ७ नळ्या, सगळ्या १६ एमएम ओडी, २ एमएम जाडीच्या, सीमलेस, दोन्ही टोकांना कटिंग रिंगवाली फिटिंग. त्यातल्या ६ नळ्यांबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, ड्रॉइंग गेलं, नळ्या आल्या, बसल्या. चार नंबरच्या नळीने मात्र ९ दिवस खाल्ले आणि तेही मॉडेलमध्ये सगळं व्यवस्थित दिसत असताना, त्यामुळे अजूनही आठवलं की चिडचिड होते.

नळी अगदी साधी होती. मॅनिफोल्डमधून निघायचं, सरळ २१० जायचं, मग ११८ बाजूला सरकायचं आणि परत त्याच दिशेने ३४० जाऊन प्लेटवरच्या बल्कहेड फिटिंगला मिळायचं. वरून बघितलं की झेड. मी थ्रीडी स्केचमध्ये तीन रेघा मारल्या, दोन्ही कोपऱ्यांना ४० चा रेडियस दिला, नळी तयार. ४० का, तर १६ च्या अडीच पट म्हणजे ४०, कुठेतरी वाचलं होतं की अडीच पट चालतो, आणि दिसायलाही छान दिसत होतं.

ड्रॉइंग बेंडिंगवाल्याकडे गेलं आणि दोन दिवसांनी परत आलं, त्यावर पेनाने एवढंच लिहिलेलं, "१६ ला ४८ ची डाय". म्हणजे त्यांच्याकडे १६ च्या नळीसाठी एकच डाय आहे आणि तिचा रेडियस ४८, तीन पट. ही पहिली गोष्ट मला कोणी आधी सांगायला हवी होती, की बेंड रेडियस हा डिझायनरने ठरवायचा आकडा नसतोच, तो वर्कशॉपच्या मांडणीवर आधीच ठेवलेला असतो, आपण फक्त जाऊन विचारायचं की कोणत्या ओडीला कोणती डाय आहे. नवीन डाय बनवून मिळते पण एका झेडसाठी कोण बनवणार.

ठीक आहे म्हटलं, ४० चं ४८ केलं, मॉडेल रिबिल्ड झालं, एकही एरर नाही, कुठेही लाल काही नाही. मला वाटलं सुटलो. ड्रॉइंग पुन्हा पाठवलं.

आणि इथून पुढे खरं अडकले.

तीन दिवस काही उत्तरच नाही. फोन केला की "बघतो मॅडम". चौथ्या दिवशी उत्तर आलं, "होणार नाही". का होणार नाही, काय बदलू, काही नाही, फक्त होणार नाही. मी परत ड्रॉइंग उघडून बघितलं, रेडियस त्यांनीच सांगितलेला, अँगल साधे ९०, जाडी नेहमीची. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "तू स्वतः जाऊन ये, फोनवर ते सांगणार नाहीत." तेव्हा राग आला होता, पण बरोबर सांगितलं होतं त्यांनी. जायचं काम मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

तिथे बेंडिंग मशीनवर एक वयस्कर ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत होते, मीही म्हटलं. त्यांनी काही समजावलं नाही, स्क्रॅपमधली एक नळी घेतली, मशीनला लावली, एक ९० मारला. मग नळी पुढे सरकवली, उलट फिरवली आणि माझ्या ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाले, "आता दुसरा मारायचाय. धरू कुठे सांगा."

मग डोक्यात प्रकाश पडला. या मशीनमध्ये गोल डाय फिरते आणि नळीला स्वतःभोवती ओढून घेते. ओढायचं तर नळी घट्ट धरायला हवी, ती धरणारी क्लॅम्प डाय म्हणजे सरळ खोबण असलेला लोखंडी ठोकळा. त्यांच्याकडचा ठोकळा ४० एमएम लांब. दुसरा बेंड मारताना हा ठोकळा पहिल्या आणि दुसऱ्या बेंडच्या मधल्या सरळ भागावर बसतो. तो सरळ भाग ४० पेक्षा कमी असेल तर ठोकळ्याचं एक टोक आधीच्या वळलेल्या भागावर चढतं, मग एकतर तिथे नळी चेपते, नाहीतर पकड पूर्ण बसत नाही, नळी सरकते आणि बेंडच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. मामांनी अशी एक सुरकुतलेली नळी दाखवलीसुद्धा, बोट फिरवलं की लाटा लागतात.

माझा मधला सरळ भाग किती होता? बाहेर उभं राहून मोबाइलवर हिशोब केला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ११८. बेंड दोन्ही बाजूंची थोडी थोडी लांबी खातो, रेडियस गुणिले अर्ध्या अँगलचा टॅन. ९० ला अर्धा म्हणजे ४५, त्याचा टॅन १, म्हणजे एक बेंड एका बाजूने पूर्ण ४८ खातो. दोन बेंडचे ९६. ११८ वजा ९६, उरले २२. ठोकळा ४०, जागा २२. माझ्या ४० च्या रेडियसला ३८ उरत होते, म्हणजे तेव्हाही झालं नसतंच, पण डायवरूनच ड्रॉइंग परत आल्यामुळे हे दुसरं दुखणं झाकलं गेलं. आणि सॉफ्टवेअर गप्प का बसलं, तर त्याच्या दृष्टीने सरळ भाग शून्यापेक्षा जास्त असला की झालं. २२ असो की २, ते नळी काढून दाखवतं. धरायला जागा लागते हे त्याला कुठून माहीत असणार, आपण सांगितल्याशिवाय.

परत आल्यावर मी एक्सेलमध्ये हे घालून ठेवलं, आता प्रत्येक नळीच्या प्रत्येक मधल्या तुकड्याला हे लावते. बी मध्ये कोपरा ते कोपरा अंतर, सी मध्ये रेडियस, डी आणि ई मध्ये दोन्ही टोकांचे बेंड अँगल:

```
=B2-C2*TAN(RADIANS(D2/2))-C2*TAN(RADIANS(E2/2))
```

उत्तर क्लॅम्पच्या लांबीपेक्षा कमी आलं की सेल लाल.

आता उपाय. पहिला विचार सगळ्यांना सुचतो तोच, ११८ चे १३६ करायचे, म्हणजे सरळ भाग बरोबर ४०. पण प्लेटवरची भोकं आधीच मारून झाली होती, ऑफसेट हलवता येत नव्हता. मग मामाच म्हणाले, "काटकोनात कशाला जाताय, तिरकं जा ना." ९० ऐवजी कमी अँगलचा बेंड घेतला की दोन फायदे एकदम होतात, तिरकी रेघ लांब होते आणि प्रत्येक बेंड कमी लांबी खातो. ६० चा धरला तर एक बेंड एका बाजूने २७.७ खातो, आणि ११८ सरकायला तिरकी रेघ १३६.२ लागते, म्हणजे सरळ भाग उरतो जवळपास ८१. ठोकळ्याला लोळायला जागा. ४५ ने तर १२७ उरत होते, पण ४५ ला पुढच्या दिशेने पूर्ण ११८ खर्च होतात आणि मला क्लिपसाठी शेवटच्या सरळ भागात जागा हवी होती. ६० ला फक्त ६८ लागतात, म्हणून ६० घेतला.

एक गंमत, टाकीवर तेल भरायचा ब्रीदर पहिल्या सरळ भागाच्या शेजारी, नळी सरकते त्या बाजूला होता. मी आधी तिरकी रेघ जुन्या जागेच्या बरोबर मध्यावर बसवली, म्हणजे पहिला कोपरा ३४ मागे, दुसरा ३४ पुढे, आणि नळी ब्रीदरच्या टोपणाला चिकटायला लागली. मग पहिला कोपरा होता तिथेच २१० वर ठेवला आणि सगळे ६८ शेवटच्या ३४० मधून काढले, ते २७२ झाले. टोपण हाताने फिरवायचं असतं हे विसरू नका, नुसतं टोपण आणि नळीमधलं अंतर बघून उपयोग नाही, बोटांची जागा धरा.

लांबीचंही सांगते, कारण पहिल्या ड्रॉइंगवर मी तीन आकडे बेरीज करून ६६८ लिहिले होते आणि तेही चूक होतं. नळी कोपरा कापून गोल जाते, त्यामुळे ४८ च्या प्रत्येक ९० ला साधारण २०.६ कमी लागतात, ६० ला फक्त ५.२. नवीन नळीची लांबी ६०८ आली. मॉडेलमधून बेंड टेबल काढलं तर हे आपोआप येतं, हाताने बेरीज करू नका.

टोकांबद्दल राहिलंच. टोकाचा सरळ भाग कमी पडत असेल तर एवढं घाबरायचं नाही, नळी लांब ठेवून बेंड मारतात आणि मग जास्तीची कापतात. मधला तुकडा असा कापून लांब-आखूड करता येत नाही, म्हणून खरी भानगड मध्येच. तरी कापल्यावर टोकाला नटच्या उंचीच्या निदान दुप्पट सरळ भाग उरला पाहिजे, नाहीतर रिंग नीट बसली का बघायला नट मागे सरकवता येत नाही, आणि बेंडजवळ नळी किंचित अंडाकृती झालेली असते, तिथे रिंग बसली तर गळणारच.

नळी नवव्या दिवशी आली. दोन्ही टोकं समोरासमोरच्या फिटिंगमध्ये घुसवायची होती, फिटर म्हणाला, "मॅडम, ही आत जाणार कुठून?" मी गप्प. त्याने बल्कहेडचा लॉकनट सैल केला, फिटिंग प्लेटमधून मागे ओढलं, नळी मॅनिफोल्डमध्ये बसवली आणि मग फिटिंग पुढे आणून दुसरं टोक आत घेतलं. प्लेटच्या मागे तेवढी जागा होती म्हणून वाचले, ठरवून ठेवलेली नव्हती.

पण त्याच प्लेटवर माझी दुसरी चूक सापडली. तीन नळ्या शेजारी शेजारी, भोकांचा पिच ४०. या नळीचा नट ३० च्या स्पॅनरचा, दोन नटांमध्ये १० चा गॅप, इंटरफिअरन्स चेक एकदम क्लीन. फक्त मॉडेलमध्ये स्पॅनर नव्हता. आमच्या स्पॅनरचं डोकं ६४ रुंद आहे, म्हणजे नटाच्या मध्यापासून ३२, आणि शेजारच्या नटाचा कोपरा त्याच्या मध्यापासून १७ वर येतो, म्हणजे निदान ५० पिच हवा होता. कडेच्या दोन नळ्या बाहेरून स्पॅनर घालून झाल्या, मधलीला फिटरने एका वेळी जेमतेम थोडंसं फिरवत, स्पॅनर उलटा-सुलटा करत पाऊण तास घालवला. पुढच्या मशीनला मी पिच ५५ ठेवलाय आणि मॉडेलमध्ये एक डमी स्पॅनर टाकलाय, सरांनी विचारलं हे काय, म्हटलं असू दे.