तुम्ही विचारलंत म्हणून: घाटासाठी हवा सोडायची का?

"वर गेलं की टायरचं प्रेशर वाढतं म्हणतात, मग घाटात थोडी हवा काढून टाकायची का?"

नाही. आणि दर सुट्टीच्या मोसमात हेच सांगून आता थकलोय, म्हणून एकदा नीट लिहितो.

प्रेशर वाढतं हे खरंय, मी कुठे नाही म्हणतोय. गेज दाखवतो तो आतल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेलात की साडेतेराशे मीटरवर बाहेरचा दाब साधारण दोन पीएसआय कमी होतो, तेवढं गेजवर जास्त दिसतं. पण वर गारवाही असतो ना, दहा डिग्री उतरले की दीडएक पीएसआय परत कमी. म्हणजे खाली सकाळी थंड टायरमध्ये ३३ भरली असेल तर वर सकाळी थंड टायरमध्ये जेमतेम ३४. यासाठी हवा सोडायची?

भावोजींच्या गाडीचं तेच झालं. चढून गेल्या गेल्या, टायर हाताला चांगले गरम लागत होते तेव्हाच हवा चेक केली, गेजवर ३८. पंक्चरवाला म्हणाला जास्त आहे, फुटेल. मी म्हणत होतो की अहो हे तापल्यामुळे आहे, राहू द्या, पण भावोजी म्हणाले त्याचा रोजचा धंदा आहे, तुला जास्त कळतं का, आणि त्याने पिन दाबून चारही चाकं ३३ वर आणली. परतीला घाट उतरताना वळणावर गाडी पुढून जड लागायला लागली, स्टिअरिंगला उत्तर उशिरा. उतारावर आणि ब्रेकला वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यात हवा कमी असली की टायरची बाजू दुमडते. खाली येऊन लगेच मोजलं तर ३१, भावोजी म्हणे बघ, दोनच तर कमी आहे. ते गरम टायरचं ३१ होतं हो! महाडला मुक्काम केला, सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजलं तर २८. दाराजवळच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं. पाच पीएसआय कमी ठेवून बायकामुलांना घेऊन घाट उतरलो आम्ही, याचा मला अजून राग येतो.

माझंही पूर्वी मत होतं की हवेला कुठेच हात लावू नये. आता तसं ठाम नाही म्हणवत. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, फक्त उंचीमुळेच पाच पीएसआय वाढतं, तिथे बरेच दिवस राहणार असाल तर सकाळी थंड टायरमध्ये मोजून स्टिकरइतकी करणं मला पटतं. काही जण तिथेही नको म्हणतात, त्यांचंही चूक नाही, गार सकाळी वाढ बरीचशी खाल्ली जाते. पण काढलीत तर उतरल्यावर परत भरावी लागणार, आणि उतरताना वाटेत पंप मिळेलच असं नाही, तेव्हा बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप गाडीत असेल तरच पिनला हात लावा.