नाणेघाट: बैलांची वाट कुठून होती?

नाणेघाटाची वाट हरवण्यासारखी आहे असं ऐकून नवल वाटेल. वर सातवाहनांची लेणी, राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे, त्यामुळे माथा सगळ्यांना ठाऊक असतो. गोंधळ होतो तो खाली, कोकणच्या बाजूला. कल्याणहून मुरबाड-टोकावडे करत माळशेजकडे जाणाऱ्या एसटीने वैशाखरे ओलांडलं की थोड्याच वेळात आपण उतरतो आणि रानात शिरतो. इथे गुरांच्या वाटांचं जाळं आहे आणि प्रत्येक वाट सुरुवातीला खरीच वाटते.

आमच्याबरोबर ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर घाटवाटा भरणारा एक तरुण होता. बऱ्याच ट्रेकर्सचे जीपीएस माग एकत्र करून त्याने एक रेघ ठरवली होती, ती ओढ्यातून जात होती. वाट दाखवायला पायथ्याच्या वाडीतले एक वृद्ध आले होते. त्यांना सगळे बाबा म्हणत. पहिल्याच ओढ्याशी ते थांबले.

"ही तुमची वाट. आमच्या बैलांची न्हवं."

"बाबा, इतक्या लोकांचे माग इथूनच गेलेत."

"लोकांचे गेले असतील. गोणी लादलेला बैल ह्या धोंड्यांत उतरंल का, तूच सांग पोरा."

मीठ आणि तांदूळ वर न्यायचे, परतताना धान्य आणायचं, हा व्यवहार त्यांनी वडिलांकडून ऐकलेला. दोन्ही बाजूंना गोणी लटकवलेल्या बैलाला माणसापेक्षा कितीतरी जास्त रुंदी लागते, बेताचा चढ लागतो आणि मोठ्या उंचीची पायरी त्याला चालत नाही. म्हणून वाट ओढा सोडून डाव्या सोंडेवरून वळणं घेत जायची, असं त्यांचं म्हणणं.

मुलाने त्यांना उडवून लावलं नाही. तासभर आम्ही सोंडेवर करवंदीच्या जाळ्यांत शोधत राहिलो. आधी काहीच मिळेना. मग बाबांनी कोयत्याने एक जाळी बाजूला केली, तर उताराच्या कडेला हाताने रचलेले दगड दिसले: तीन थर, बाहेरच्या कडा एका रेषेत, आतल्या बाजूला मातीची सपाट पट्टी, दोन माणसं शेजारी चालतील एवढी. कोसळलेले दगड असे बसत नाहीत. पुढच्या वळणावरही तसाच बांध होता. दोन्हींच्या मध्ये मात्र दरड आलेली, तिथे वाटेचं काहीच नाही.

खरा वाद इथून पुढे पेटला. बाबांना सोंडेवरची पूर्ण वाट नकाशात हवी होती. मुलगा म्हणाला, ओपनस्ट्रीटमॅपचा नियम आहे, आज जमिनीवर जे दिसतं तेच काढायचं. मधला भाग त्याने आठवणीवर काढला, तर फोन बघत येणारा कुणीतरी सरळ दरडीत जाईल.

"म्हणजे तुकडे करून टाकणार वाटंचे?"

"दिसले ते तुकडे काढतो, बाबा. मधलं नाही."

माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं. ओढा पावसाळ्यात पार करता येत नाही, तेव्हा सोंडेची वाट चालत असणार. उन्हाळ्यात मोकळ्या हाताने चढणारा माणूस ओढ्यातून जवळची वाट धरत असणार. बाबा बैलांची वाट सांगत होते, रेघ माणसांची होती. मुलाने शेवटी दोन तुकडे जेमतेम दिसणारी पायवाट म्हणून असे नोंदवले, आणि शेजारी टीप लिहिली की मध्ये दरड आहे, सलग जाता येत नाही:

```
highway=path
trail_visibility=horrible
```

बाबांचं समाधान झालं नाही, आणि मला ते समजू शकतं.

तुम्ही जाल तेव्हा सोंडेच्या नादाला लागू नका. चालती वाट धरा आणि शक्यतो वाडीतला माणूस सोबत घ्या. फोनवरचा ठिपका दाट झाडीत दहा-वीस मीटर सहज सरकतो, कड्यांच्या बेचक्यात त्याहूनही जास्त. समांतर दोन वाटांतली कुठली आपली, हे तो सांगू शकत नाही. वाट चुकल्याची खूण सोपी आहे: गुरांची वाट पाण्यापाशी किंवा चरणीपाशी विरते, घाटाची वाट चढ धरून राहते. वर जाऊ लागलो की ती दगडांत बांधलेली आणि खोदलेली दिसू लागते, मग शंका उरत नाही. पावसाळ्यानंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात या. सकाळी लवकर निघा, कारण चढायला तीन तास धरावेत आणि लेणं निवांत बघायला वेळ हवा. तिथल्या राजघराण्याच्या मूर्ती नाहीशा झाल्यात, भिंतीवर फक्त पावलांच्या खुणा आणि वरची नावं उरलीत. अक्षरांना हात लावू नका. माथ्यावरच्या टाक्यांतलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. परतीला घाटघरहून जुन्नरची गाडी मिळेल की नाही, याची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवा, नाहीतर अंधाराआधी त्याच वाटेने खाली उतरण्याइतका वेळ हाताशी ठेवा.