९९.५ टक्क्यांची हमी आणि पाचशे रुपये

औषधांचे एक घाऊक विक्रेते बिलिंग सॉफ्टवेअरच्या वार्षिक कराराचा मराठी अनुवाद घेऊन माझ्या कार्यालयात आले. महिनाअखेरीस सेवा सकाळी सहापासून अकरापर्यंत बंद होती. बॅच नंबर आणि एक्सपायरी संगणकातच असल्याने बिले निघाली नाहीत आणि दुपारपर्यंत माल गोदामात पडून राहिला. "मॅडम, महिन्यात ९९.५ टक्के वेळ सेवा सुरू राहील, अशी हमी लिहून दिली आहे, मग नुकसान भरून मिळेल ना?" असे त्यांनी विचारले.

मी ती टक्केवारी मिनिटांत मांडून दाखवली. ३० दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात आणि त्यांचा अर्धा टक्का म्हणजे २१६ मिनिटे, अर्थात ३ तास ३६ मिनिटे सेवा बंद राहिली तरी हमी शाबूत राहते. आपली सेवा तर ३०० मिनिटे बंद होती, असे ते लगेच म्हणाले. परंतु पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल बंद सेवेच्या व्याख्येतूनच वगळलेली होती आणि सहा ते आठ या वेळेतील देखभालीचा ईमेल त्यांच्याच इनबॉक्समध्ये सापडला. त्यामुळे हिशेबात फक्त १८० मिनिटे उरली आणि हमीचा भंग झालाच नव्हता.

भंग झाला असता तरी काय मिळाले असते, हेही पाहिले. वर्षाचे शुल्क ६०,००० रुपये, म्हणजे महिन्याचे ५,०००. सवलत त्याच्या दहा टक्के, म्हणजे ५०० रुपये, तेही रोख नव्हे तर पुढच्या बिलातून वजा, आणि ३० दिवसांत लेखी मागणी केली तरच. त्याखालचे वाक्य मला सर्वांत जाचक वाटले: ही सवलत हाच ग्राहकाचा एकमेव उपाय राहील.

"मग करारच मोडतो," ते म्हणाले. मुदतीपूर्वी स्वेच्छेने करार सोडल्यास भरलेले पैसे परत मिळणार नव्हते. कंपनीने अटींचा भंग केल्यास करार संपवता येत होता, पण दोष सुधारायला ३० दिवस द्यायचे होते. सेवा त्याच दिवशी सुरू झालेली असल्याने दोष दूर झाला, असे कंपनी सहज म्हणू शकली असती, आणि शिवाय ते 'एकमेव उपाया'चे वाक्य आडवे येतच होते.

मतभेद झाल्यास इंग्रजी मसुदाच ग्राह्य धरला जाणार असल्याने आम्ही ही सर्व कलमे मुळाशी ताडून पाहिली. करार आपोआप वाढू नये यासाठी ६० दिवस आधी नोटीस द्यायची होती आणि ती मुदत सुदैवाने टळलेली नव्हती. त्या नोटिशीसोबत आम्ही नव्या वर्षासाठी अटी पाठवल्या: देखभाल रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेतच व्हावी आणि ठरलेल्या वेळेपलीकडे लांबल्यास ती बंद सेवेत धरावी, सहापैकी तीन महिन्यांत हमी मोडल्यास करार संपवून उरलेल्या महिन्यांचे शुल्क परत मिळावे, आणि करार संपल्यावर ३० दिवस स्टॉक व उधारीची माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेता यावी. सवलतीची रक्कम वाढवण्यास कंपनीने नकार दिला, बाकीच्या अटी मात्र मान्य केल्या.