नोटीस दिली तरी जुना मॅनेजर शेअर्स विकतच होता

मी एका गुंतवणूक कंपनीत ट्रान्सफर डेस्कवर आहे, म्हणजे क्लायंट दुसरीकडून आमच्याकडे आला की त्याचे शेअर्स, बाँड, कॅश सगळं जुन्या अकाउंटमधून इकडे नीट उतरतंय ना हे बघायचं. बाहेरून वाटतं फॉर्म भरला की झालं. बहुतेक वेळा होतंही तसंच, पण ही केस निघाली वेगळीच.

क्लायंट एक निवृत्त मॅडम. जुन्या पोर्टफोलिओ मॅनेजरला त्यांनी व्यवस्थित मेल करून कळवलं होतं, करार संपवते आहे, माझी होल्डिंग्ज विकू नका, आहेत तशी नव्या कंपनीकडे पाठवा. हे "विकू नका" त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं याचं मला कौतुक वाटलं, कारण नुसतं "अकाउंट बंद करा" लिहिलं की समोरचा सगळं विकून कॅश हातात देऊ शकतो आणि मग वर्षानुवर्षांच्या नफ्यावरचा कर एकदम गळ्यात पडतो.

त्यांच्याकडे एक जुन्या कंपनीचाच फंड होता. असे घरचे फंड आमच्या सिस्टीममध्ये ठेवताच येत नाहीत, तो तिथेच विकून पैसे आणायचे ठरलं. आता पूर्ण अकाउंट ट्रान्सफरची रिक्वेस्ट टाकली असती तर त्या एका फंडापायी सगळंच अडकलं असतं, म्हणून आम्ही नावानुसार यादी केली, अमुक कंपनीचे 400, तमुकचे 150, असं. इथेच गोम असते, कारण अशा यादीत लिहिलेले तेवढे शेअर्स त्या क्षणी अकाउंटमध्ये असावेच लागतात.

सकाळी स्क्रीन उघडली तर रिजेक्ट. कारण, पुरेसे शेअर्स नाहीत. मॅडमना फोन केला, म्हटलं तुम्ही काही विकलंत का, तर म्हणाल्या, "अहो मी कशाला विकू, मी तर नोटीस देऊन मोकळी झालेय." मग त्यांना ताजं स्टेटमेंट काढायला सांगितलं आणि त्यात दिसलं की 400 मधले 60 आदल्या दिवशी विकले गेलेत, दुसऱ्या एकातले थोडे, आणि त्या पैशातून तिसरंच काहीतरी विकत घेतलंय.

आता हे मुद्दाम केलं का? मला तरी नाही वाटत. असे मॅनेजर सगळ्या क्लायंटसाठी एक मॉडेल पोर्टफोलिओ चालवतात आणि ठरावीक दिवशी सगळ्यांची अकाउंट्स एकदम त्या मॉडेलशी जुळवून घेतात. मॅडमची मेल गेली होती रिलेशनशिप मॅनेजरला, त्याने ती पुढे पाठवायच्या ऐवजी त्यांना थांबवायचा प्रयत्न चालवला, रोज एक फोन, आणि ट्रेडिंगवाल्यांना पत्ताच नाही. त्यांच्या लेखी अकाउंट चालू, अधिकारपत्र चालू, विका. कायद्याच्या भाषेत काय म्हणतात ते वकील जाणोत, पण माणसाला राग येणारच ना.

म्हणून मी आता प्रत्येकाला सांगते की नोटीस आणि ट्रेडिंगचा अधिकार काढून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. करार नोटीसची मुदत संपल्यावर संपतो, व्यवहाराचा अधिकार मात्र साधारणपणे आजच्या आज काढता येतो, आणि ते पत्र मॅनेजरइतकंच कस्टोडियनलाही जायला पाहिजे, म्हणजे ज्याच्याकडे शेअर्स प्रत्यक्ष ठेवलेत त्यालाही. कस्टोडियनने अधिकार बंद केला की मॅनेजरची ऑर्डर आली तरी ती जात नाही. त्याच पत्रात अकाउंटमधून परस्पर फी कापायचा अधिकारही काढून घ्यायचा, हे का ते पुढे येतंच.

त्या दिवशी दुपारपर्यंत मॅडमकडून असं पत्र करून घेतलं, कस्टोडियनकडून पोच आली. पण यादी लगेच परत पाठवून उपयोग नव्हता, कारण झालेली विक्री-खरेदी सेटल व्हायला बाजाराप्रमाणे एक-दोन दिवस जातात आणि तोवर आकडे हलतच असतात. सेटल होऊ दिलं, नवीन स्टेटमेंटवरून यादी केली, 400 च्या जागी 340, आणि मग ती गेली.

पत्राची पोच आली त्याच संध्याकाळी जुन्या कंपनीचं शेवटचं बिल आलं, आणि खरी मजा तिथे होती. फी दोन प्रकारची, एक ठरलेली, तिमाहीची आगाऊ, आणि दुसरी नफ्यातला 20 टक्के वाटा. ठरलेल्या फीचं सोपं होतं. तिमाही 90 दिवसांची, नोटीसची मुदत 30 दिवस, मेल गेली सहाव्या दिवशी, म्हणजे करार संपणार 36 व्या दिवशी आणि उरलेल्या 54 दिवसांची, म्हणजे 60 टक्के फी परत. करारात परतावा लिहिलेला होता. ते मुदत मोजत होते आमचा ट्रान्सफर फॉर्म पोचला त्या तारखेपासून, पण मेलवर तारीख स्वच्छ होती त्यामुळे फार ताणलं नाही त्यांनी.

नफ्याच्या वाट्याचं मात्र बघण्यासारखं. आकडे सोपे करून सांगते. पोर्टफोलिओ एकदा 130 ला गेला होता, तेव्हा त्या नफ्यावर फी घेऊन झाली. मग तो 120 वर आला. तेव्हा मॅडमनी घरच्या कामासाठी दहावा हिस्सा, म्हणजे 12 काढले, उरले 108. आता किंमत 112. बिलात लिहिलं होतं, 108 वरून 112, नफा 4, त्याचे 20 टक्के द्या. पण करारात हाय वॉटर मार्क होता, म्हणजे आधी ज्या उंचीवर फी घेतली ती ओलांडल्याशिवाय पुन्हा फी नाही. त्यांचं म्हणणं, पैसे काढले म्हणून जुनी उंची रद्द झाली. असं कसं होईल? दहावा हिस्सा काढला तर उंचीही दहाव्या हिश्श्याने खाली यायला हवी, 130 ची 117. आणि 112 हे 117 च्या खाली आहे. फी शून्य.

मॅडमनी हेच चार ओळींत लिहून पाठवलं, करारातल्या कलमाचा नंबर टाकून. फी कापायचा अधिकार आधीच काढलेला असल्यामुळे पैसे त्यांच्याच अकाउंटमध्ये होते आणि वाद कागदावर राहिला, नाहीतर आधी कापून घेतात आणि मग आपण मागत बसतो. काही दिवसांनी सुधारलेलं बिल आलं, त्यात नफ्याच्या वाट्याची ओळच नव्हती.

शेअर्स उतरले, कॅशही आली, पण आमच्या स्क्रीनवर सगळ्याची खरेदी तारीख ट्रान्सफरची आणि खरेदी किंमत त्या दिवसाची दिसत होती. हे नेहमीचंच आहे, शेअर्स येतात पण त्यांचा इतिहास बरेचदा मागून येतो, आणि तो न भरता काही विकलं तर नफ्याचा हिशोब साफ चुकतो. जुन्या कंपनीकडून खरेदीनिहाय यादी मागवली, ती आली स्कॅन केलेल्या कागदांवर. आता त्या 340 मध्येच चार वेगवेगळ्या वर्षांच्या खरेद्या आहेत. आमची एक मुलगी बसून त्या टाईप करतेय आणि तोवर मॅडमच्या अकाउंटला विक्रीसाठी लॉक लावून ठेवलाय, त्यांच्याच सांगण्यावरून.